अंगावर धावून आले, म्हणजे किती पावलं?

मधल्या सुट्टीत तिसरीतला एक मुलगा ओट्यावरून पडला, भुवईवर खरचटलं. मी जखम धुऊन पट्टी लावली. घरी फोन करायचा मात्र राहून गेला. दुसऱ्या दिवशी वर्ग भरल्या भरल्या त्याचे वडील थेट आत आले. आईबहिणीवरून शिव्या दिल्या, हजेरीपट उचलून भिरकावला. मुलं बाकांना चिकटून बसली होती. शेजारच्या वर्गावरचे सर धावत आले, तेव्हा कुठे ते गेले.

हेडसरांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, आजच लिहून द्या. उद्या तुम्हालाच नीट आठवणार नाही."

मी दहा मिनिटांत पान भरलं. 'सदर पालक दारूच्या नशेत अंगावर धावून आले व अश्लील शिवीगाळ केली.' सरांनी वाचून कागद परत दिला.

"नशेत होते, हे कसं ठरवलंत?"

"वास येत होता."

"मग तेवढंच लिहा. आणि अंगावर धावून आले म्हणजे किती पावलं? हात लावला का?"

हात लावला नव्हता. टेबलापर्यंत येऊन चेहऱ्यासमोर बोट नाचवलं होतं. सरांचा आग्रह उगाच नव्हता. जिल्हा परिषदेचा शिक्षक लोकसेवक असतो. कामावर असताना त्याच्यावर हल्ला किंवा बळाचा वापर झाला, तर भारतीय न्याय संहितेचं 132 कलम लागू शकतं. नुसत्या शिवीगाळीचं कलम वेगळं. त्यामुळे हाताच्या जागी बोट आणि बोटाच्या जागी हात लिहिला, की पहिल्याच चौकशीत सगळा कागद खोटा ठरतो. 'अश्लील' हा माझा शेराही गेला. त्या जागी शिव्या जशाच्या तशा अवतरणात लिहिल्या. लिहिताना हात थरथरला.

मग वेळ, जागा आणि पाहिलेल्या मोठ्या माणसांची नावं लिहिली. साक्षीदार म्हणून मुलांची नावं घातली नाहीत. त्यांना उद्या त्याच मुलाशेजारी बसायचं होतं.

शेवटी सरांनी विचारलं, "तुम्ही काय बोललात?"

मी गप्प. मी म्हणाले होते, "घरी कुणी शिकवलं नाही वाटतं तुम्हाला!" ते लिहिलं. फोन राहिल्याचंही लिहिलं. दोन प्रती केल्या. एक जावक क्रमांक टाकून केंद्रप्रमुखांकडे गेली, दुसरीवर पोच घेऊन मी जपून ठेवली.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो कागद वाचला गेला. वडील मान खाली घालून ऐकत होते. माझं वाक्य आलं तसे ताडकन म्हणाले, "हे बाई बोलल्याच होत्या!" अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "मग वरचं?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेही खरं आहे."

तिथेच लेखी माफी झाली. फोन न केल्याबद्दल मीही माफी मागितली.

शिक्षक मित्रांनो, असा प्रसंग आलाच तर त्याच दिवशी लिहा, आणि आपलं चुकलेलं वाक्य गाळू नका.