थेंबांआधी बॅटरी

दृष्टी हळूहळू धूसर झाली, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, वय सत्तरीकडे झुकलेले. एवढे ऐकले की निदान मनात तयार होते, आणि भिंगात गढूळपणा दिसला की त्यावर शिक्का बसतो. डोळे दिपण्याला मोतीबिंदू बहुतेकदा जबाबदार असतो, हे खरेच. पण या वयात थोडाफार मोतीबिंदू बहुतेकांना असतोच. म्हणून तो सापडला यापेक्षा, घटलेली सगळी दृष्टी त्याच्या खात्यावर टाकता येते का, हा प्रश्न महत्त्वाचा.

समजा, अडुसष्ट वर्षांच्या बाईंची उजवी दृष्टी ६/२४ आणि डावी ६/१२ आहे. बारीक छिद्रातून डावा डोळा ६/९ वाचतो, उजवा जिथल्या तिथेच राहतो. भिंगाच्या गाभ्याचा पिवळेपणा मात्र दोन्हीकडे सारखाच. मग फरक आला कुठून? खोली थोडी अंधारी करावी, बाईंना लांब पाहायला सांगावे आणि बॅटरीचा झोत दोन-तीन सेकंद एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर असा आलटून पालटून टाकावा. झोत उजव्या डोळ्यावर येताच बाहुली आकुंचन पावण्याऐवजी मोठी होऊ लागली, तर दोष मज्जातंतूत किंवा पडद्याच्या मोठ्या भागात आहे. दाट मोतीबिंदूसुद्धा त्याच डोळ्यात हे चिन्ह निर्माण करत नाही, कारण गढूळ भिंग प्रकाश विखुरते, अडवत नाही. पुढे मज्जातंतूच्या चकतीतला खळगा उजवीकडे बराच मोठा निघाला, तर नेत्रदाब १८ असला तरी काचबिंदूचा शोध घ्यावाच लागतो.

अडचण क्रमाची आहे. शिबिरात तपासनीस पोहोचण्याआधीच रांगेत बाहुली मोठी करणारे थेंब पडलेले असतात आणि ही खूण त्या दिवसापुरती पुसली जाते. गर्दीत वेळ कुठून आणायचा, असे कोणी म्हणेल. पण या तपासणीला अर्धा मिनिट पुरतो आणि थेंब घालणाऱ्या सहायकालाही ती शिकवता येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन्ही डोळ्यांत आजार सारखाच असेल तर बाहुल्या काहीच सांगत नाहीत, आणि मॅक्युलाची सुरुवातीची झीजही यात सापडत नाही. म्हणून सरळ रेषा वाकड्या दिसतात का हे विचारणे आणि थेंबांनंतर पडदा पाहणे टळत नाही.

राहिला ‘शस्त्रक्रियेनंतर कळेलच’ हा युक्तिवाद. तो आम्हाला मान्य नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत चढणारा दाब आधीच झिजलेल्या मज्जातंतूला झेपेलच असे नाही. या बाईंचीही शस्त्रक्रिया कदाचित करावी लागेल, दिपणे कमीही होईल. मात्र दाबाची तजवीज आधी करून, आणि उजव्या डोळ्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी सांगून.