बनियनचं जाकीट कोण करतंय?

बचत गटाच्या बायका हल्ली आपला माल ऑनलाइन विकतात. मराठी यादी एआयला द्यायची आणि इंग्रजी वर्णन उचलून चिकटवायचं, असं शिकवलं जातंय. लोणच्या-पापडाला ठीक आहे. कपड्यांना मात्र हे चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

'वेस्ट' हा शब्द घ्या. आपल्याकडे वेस्ट म्हणजे बनियन, ब्रिटनमध्येही तेच. अमेरिकेत मात्र वेस्ट म्हणजे सुटातलं बिनबाह्यांचं, बटणाचं जाकीट. मॉडेलने कापड कधी हातात धरलेलं नाही. कुठला शब्द कुठल्या शब्दांशेजारी येतो, यावरून ते अंदाज बांधतं, आणि त्याने वाचलेल्या इंग्रजीत अमेरिकेचा भरणा मोठा. यादीत नुसतं 'कॉटन वेस्ट, पांढरा, ९० सेंमी' असेल, तर 'समारंभात शोभून दिसेल' असं वर्णन सहज येऊ शकतं. गिऱ्हाईक जाकीट समजून मागवणार, हातात बनियन पडणार, माल परत येणार. कुरियरचा भुर्दंड कुणाला? गटाला!

'जंपर'चंही तसंच. ब्रिटनमध्ये तो स्वेटर, अमेरिकेत ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक, आणि आपल्या आज्या ज्याला झंपर म्हणायच्या तो साडीवरचा ब्लाउज. 'पॅन्ट' तर ब्रिटनमध्ये आतली चड्डी!

"सोपं आहे, 'भारतात' असं लिहा की," असं काही जण म्हणतील. वेस्टपुरता याचा उपयोग होतो. पण कुर्तीचं काय? पुण्याच्या दुकानात कुर्ती म्हणजे लेगिंगवर घालायचा बाह्यांचा टॉप. राजस्थानच्या राजपूती पोशाखात बाह्या कांचळीला असतात, आणि कुर्ती म्हणजे तिच्यावर घालायचा बिनबाह्यांचा कपडा. दोन्ही भारतातच ना? देशाचं नाव घालून हा गोंधळ मिटत नाही.

म्हणून नावावर भिस्त ठेवू नका, कपडा सांगा. 'शर्टाच्या आत घालायचं, बिनबाह्यांचं, बटण नसलेलं, सुती, पुरुषांचं, छाती ९० सेंमी.' एवढं दिलं की अंदाजाला जागाच फार कमी उरते. मग आलेलं वर्णन वाचताना तीन गोष्टी बघा: बाह्या, बटणं, आणि आत घालायचं की वरून. यातलं जे तुम्ही सांगितलंच नव्हतं आणि तरी वर्णनात आलंय, ते मॉडेलने मनाने घातलेलं आहे. इंग्रजी येत नसेल तर तेच वर्णन परत मराठीत करून घ्या. बनियनला बटणं फुटली की चूक लगेच दिसते.

आणि हे सगळं एकट्या बायकांच्या गळ्यात का? विक्रीचं पोर्टल चालवणाऱ्यांनी या तीन गोष्टींचे रकाने सक्तीचे करावेत. प्रशिक्षण देणाऱ्यांनी 'एआय वापरा' म्हणताना हेही शिकवावं. चूक यंत्राची आणि दंड गटाला, हे मला तरी मान्य नाही.