आधी कोड दाखवा, मग पीसीबीचं बोला!

उन्हाळा तापला की आपल्या मुदखेडात एसी बंद पडतात आणि मेकॅनिक दारातूनच निकाल देतो, "पीसीबी गेली." अहो, कोड तरी बघा आधी!

डायकिनच्या इन्व्हर्टर एसीचा लाइट लुकलुकत असेल, तर रिमोटचं कॅन्सल बटण पाच सेकंद दाबून धरा. 00 लुकलुकलं की तेच बटण परत परत दाबत राहा. छोटी बीप म्हणजे कोड जुळला नाही. लांब बीप वाजली की स्क्रीनवरचा कोड खरा.

समजा U4 आला. म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या युनिटचं बोलणं तुटलंय. पण कशानं? बाहेर वीजच पोहोचत नसेल, वायर उंदरानं कुरतडली असेल, टर्मिनल ढिलं असेल. हे तपासल्यावरच पीसीबीचा नंबर लागतो. U2 आला तर आधी व्होल्टेज मोजायचं. कोड बिघाडाची दिशा सांगतो, पार्टचं नाव नाही.

झाकण मात्र स्वतः उघडू नका; स्विच बंद केल्यावरही बाहेरच्या युनिटच्या कॅपॅसिटरमध्ये करंट राहतो. मीटर मेकॅनिकनंच लावायचा. पण तुमच्या डोळ्यांसमोर. त्याआधी एक रुपया देऊ नका.