मुंबईची दोन विमानतळं आणि आमची वाकडी वाट

परवा मित्राने विचारलं, "तू पुण्याचा. मुंबईत कुठल्या विमानतळावर उतरावं यात तुझं काय जातं?" म्हटलं बाबा रे, पुणेकराचंच जातं. मुंबईकराला उतरून अंधेरी नाहीतर पनवेल गाठायचं असतं. आम्हाला उतरल्यावर घाट चढायचा असतो.

तर २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावर प्रवासी विमानं सुरू झाली आणि तिकिटाच्या साइटवर 'मुंबई' टाकलं की BOM आणि NMI अशी दोन नावं दिसायला लागली. BOM म्हणजे जुनं, सांताक्रूझ-सहारचं. NMI म्हणजे उलव्याचं नवं. साइट बिचारी तिकीट स्वस्त तेवढं वर दाखवते. पुढचं गणित तिला येत नाही, ते आपण करायचं.

आमच्या घरी ते जानेवारीत करावं लागलं. लेक दिल्लीत नोकरीला. रविवारी आईचं (म्हणजे तिच्या आजीचं) सहस्रचंद्रदर्शन, आणि मॅडमची रजा मंजूर झाली चार दिवस आधी. दिल्लीहून थेट लोहगावचं तिकीट बारा हजारांच्या वर गेलेलं. राहिली मुंबई. तिने तीन पर्याय पाठवले:

पहिला, शुक्रवारी रात्री पावणेबाराला BOM, ४१०० रुपये. दुसरा, शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी NMI, ५६००. तिसरा, शनिवारी दुपारी साडेबाराला NMI, ६३००.

खाली ओळ: "बाबा, पहिलं काढतेय. ऑफिस बुडत नाही आणि सगळ्यात स्वस्त."

आधी अंतर बघू. एक्सप्रेसवे कळंबोलीला सुरू होतो आणि किवळ्याला संपतो, सुमारे ९५ किलोमीटर. तो तुकडा दोन्हीकडून सारखाच. फरक आहे कळंबोलीच्या अलीकडे. नव्या विमानतळावरून कळंबोली दहा-बारा किलोमीटर. जुन्यावरून चेंबूर, मानखुर्द, वाशी पूल, बेलापूर असं करत चाळिसेक. म्हणजे नवं विमानतळ आम्हाला साधारण तीस किलोमीटर जवळ. आणि हे तीस किलोमीटर संध्याकाळी सात वाजता दीड तास खातात. म्हणून दिवसाउजेडी नवं विमानतळ हजार-पंधराशेने महाग असलं तरी मी डोळे झाकून घेईन. टॅक्सीही मला त्या दिवशी सहाशे रुपयांनी कमी सांगितली होती, ३६०० ऐवजी ३०००.

पण रात्री? रात्री एक वाजता हेच तीस किलोमीटर पंचवीस-तीस मिनिटांत संपतात. नव्याचा मोठा फायदा तो ट्रॅफिक टाळण्याचा, आणि रात्री ट्रॅफिकच नसतो. उलट जुनं विमानतळ रात्रभर जागं असतं. विमानं उतरत असतात, बाहेर टॅक्सीचे काउंटर उघडे, माणसांचा राबता. उलव्याच्या बाजूला रस्ते रुंद आहेत पण वस्ती विरळ. ठरवलेली गाडी आली नाही तर दुसरी चटकन मिळेलच असं नाही. म्हणजे दिवसा जे विमानतळ सरस, तेच रात्री सरस असेल असं नाही. दिवसाचं गणित रात्रीला लावलं की फसलंच.

आता आम्हा प्रोग्रॅमर लोकांची एक वाईट खोड. सगळं सुरळीत चाललं तर काय, यापेक्षा बिघडलं तर काय हे आधी बघायचं. जानेवारीतली दिल्ली, म्हणजे धुकं. प्रत्येक पर्यायात तीन तासांचा उशीर मिळवला.

पहिला: पावणेबाराचे पावणेतीन. सामान घेऊन निघेपर्यंत सव्वातीन. खोपोलीचा घाट पहाटे साडेचार-पाचला.

दुसरा: सात दहाचे रात्रीचे दहा दहा. आणि तेव्हा नवं विमानतळ सकाळी ८ ते रात्री ८ एवढंच चालू होतं! म्हणजे पन्नास मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर विमान कुठे उतरणार, उतरणार की नाही, सगळंच अधांतरी.

तिसरा: साडेबाराचे साडेतीन. संध्याकाळी साडेसहापर्यंत घरी. बास.

लेकीचा फोन आला. "बाबा, मी काही लहान नाही. दिल्लीत रात्री फिरतेच ना?"

खरं आहे. तिला जपून राहायला शिकवण्याची माझी पात्रता नाही, ती माझ्यापेक्षा सावध आहे. माझी भीती वेगळी होती, तीच सांगितली. काही वर्षांपूर्वी मी एकदा परदेशातून पहाटे सहारला उतरलो आणि ठरवलेल्या गाडीत बसलो. खालापूर टोलनाका ओलांडल्यावर ड्रायव्हरने काच खाली केली. मग मान चोळली. मग गाडी हळूहळू पट्टा सोडून डावीकडे सरकायला लागली आणि पुढे ट्रक. मी ओरडलो. चहाला थांबलो तेव्हा कळलं, माणूस आदल्या सकाळपासून गाडीवर होता, ही तिसरी फेरी. त्याचा तरी काय दोष? तेव्हापासून रात्रीची सुरक्षितता म्हटलं की मला आधी झोप आठवते.

दुसरी गोष्ट पुण्यातल्या आयटीवाल्यांना सांगायला नको. २००९ साली खराडीहून घरी निघालेली एक संगणक अभियंता रस्त्याकडेला वाहनाची वाट बघत होती, आणि लिफ्ट देणाऱ्या गाडीत बसल्यावर घरी पोचलीच नाही. धोका होता तो दोन वाहनांच्या मधल्या फटीत. स्वस्तात जायचं म्हणून विमानतळावरून कळंबोलीला किंवा चेंबूरच्या मैत्री पार्कला जाऊन पुण्याची बस पकडतात ना, दिवसा उत्तम. रात्री दीडला बॅग घेऊन हायवेच्या कडेला उभं राहणं म्हणजे तीच फट आपण होऊन तयार करणं.

हिशोब असा झाला: पहिला पर्याय टॅक्सीसकट ७७००, तिसरा ९३००. फरक १६०० रुपये आणि एक शुक्रवारची रात्र. लेक थोडी कुरकुरली, पण तिसरं काढलं. शनिवारी दिल्लीत धुकं होतंच. विमान दोन तास वीस मिनिटं उशिरा उतरलं, आणि सव्वापाचच्या सुमारास कन्या आजीशेजारी बसून चहात खारी बुडवत होती.

रात्रीशिवाय इलाज नसेल तर मी काय करतो? जुनं विमानतळ घेतो. तिकिटावर टर्मिनल १ की २ ते बघतो, कारण दोन्हींच्या मध्ये काही किलोमीटर आहेत. गाडी आधी ठरवतो, आणि फोनवर ड्रायव्हरला दोनच प्रश्न विचारतो: आज कुठून आलात, आणि झोप कधी झाली? उत्तर अडखळलं तर दुसरी गाडी. गाडीचा नंबर जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि फारच उशीर झाला तर उजाडेपर्यंत विमानतळावर कॉफी पीत बसायचं. कॉफी भयंकर महाग आहे, पण १६०० ची नाही :)

आणखी एक. स्वतःची गाडी पार्क करून जाणार असाल तर परतीच्या तिकिटावरची तीन अक्षरं दोनदा वाचा. NMI ला गाडी लावून BOM ला उतरलेला एक शहाणा मला माहीत आहे. आरशात रोज भेटतो.