रफार कोणाच्या डोक्यावर?

तिसरीतील मुलांना जोडाक्षरे शिकविताना शब्दांची यादी अक्षरांच्या घडणीप्रमाणे लावावी. प्रथम उभा दंड गळून अर्धी होणारी अक्षरे घ्यावीत : पुस्तक, कुस्ती, सत्य. मग शेपूट आखडणारा ‘क’ : रक्त, मुक्काम. त्यानंतर पाय मोडून लिहावयाची अक्षरे : विद्या, चिठ्ठी. ‘र’ मात्र सर्वांत शेवटी घ्यावा. कारण तो आपली जागाच बदलतो.

गिरवण्याची मर्यादा येथे उघड होते. ठिपक्यांवरून ‘कर्म’ सुबक गिरवणारे मूल श्रुतलेखनात ‘क्रम’ किंवा ‘र्कम’ लिहिते. हाताला आकार कळलेला असतो. कानाला आधी काय आणि नंतर काय, हे कळलेले नसते. म्हणून शब्द आधी फोडून म्हणवून घ्यावा. ‘कर्म’मध्ये र अर्धा आहे, म्हणून तो पुढच्या ‘म’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘क्रम’मध्ये क अर्धा व र पूर्ण आहे, म्हणून ‘क’ला तिरकी रेघ जोडली जाते. गिरवतानाही आधी ‘म’ पुरा करावा, मग रफार द्यावा.

हे पक्के झाल्यावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी ठेवावेत. समुद्र या अर्थाच्या ‘दर्या’त ‘द’वर आघात येतो, दरीच्या अनेकवचनात तो येत नाही.

प्रत्येक शब्द तीनदा गिरवावा, दोनदा पाहून लिहावा आणि शेवटी नमुना झाकून, केवळ ऐकून एकदा लिहावा. मुलाला शब्द आला की नाही, हे त्या शेवटच्या ओळीवरूनच ठरवावे.