उंचीचे कोष्टक आणि नियमांचे पुस्तक

बास्केटबॉलचा सेंटर सात फुटी हवा. व्हॉलीबॉलचा मिडल ब्लॉकर दोन मीटरचा, लिबेरो मात्र ठेंगणा चालेल. फुटबॉलचा गोलरक्षक धिप्पाड, विंगवरचा खेळाडू हलका नि चपळ. अशी कोष्टके समोर ठेवून बारा-बारा वर्षांच्या मुलांना मोजपट्टीपुढे उभे केले जाते आणि त्यांच्या जागा ठरवल्या जातात. कोष्टकातील आकडे बहुतांशी खरे आहेत. खोटा आहे तो त्यांमागचा समज, की ही शरीरे निसर्गानेच त्या जागांसाठी घडवली.

यासाठी जॉर्ज मायकन या एकाच माणसाची कहाणी पुरेशी आहे. उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाड चष्मा, चाल संथ. मिनियापोलिस लेकर्सचा हा सेंटर १९५० च्या सुमारास अमेरिकेतील सर्वांत वरचढ खेळाडू होता. त्याच्या वरचढपणाचे रहस्य मैदानाच्या आखणीत होते. बास्केटसमोरच्या पट्टीत आक्रमण करणाऱ्याला तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नसे. पण ती पट्टी अवघी ६ फूट रुंद होती. पट्टीच्या कडेला उभा राहिलेला मायकन बास्केटच्या मध्यरेषेपासून जेमतेम ३ फुटांवर असे. चेंडू घ्यायचा, वळायचा आणि हात उंचावून आत सोडायचा. एवढ्या जवळ धाव आणि चपळाई यांचे काम नव्हते, म्हणून उंची सर्वस्व ठरली.

१९५१ मध्ये एनबीएने ती पट्टी १२ फूट केली. मायकन आणखी ३ फूट दूर ढकलला गेला. १९५०-५१ च्या हंगामात सामन्यामागे २८.४ गुण मिळवणारा हा खेळाडू पुढच्या हंगामात २३.८ वर आला. माणूस तोच, उंचीही तीच. (लेकर्स त्यानंतरही अजिंक्यपदे जिंकत राहिले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, नियम उंचीचा लाभ घटवतो, नाहीसा करत नाही.)

दुसरा घाव घड्याळाचा. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन संघाने मायकनला रोखण्यासाठी चेंडू नुसता हातात धरून ठेवला आणि १९-१८ असा सामना जिंकला. अशा कंटाळवाण्या डावपेचांवर उपाय म्हणून १९५४ मध्ये २४ सेकंदांत बास्केटवर चेंडू टाकण्याचे बंधन आले. खेळ धावू लागला. त्याच सुमारास निवृत्त झालेला मायकन १९५५-५६ मध्ये परतला, तेव्हा त्याची सरासरी १०.५ वर उतरली होती. वय आणि दुखापतींचा वाटा होताच; पण संथ पर्वतासाठीचा खेळही उरला नव्हता.

आणि इतिहासाची थट्टा पाहा. १९६७ मध्ये एबीए ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली, तिने दुरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण दिले, आणि तिचा पहिला आयुक्त होता हाच मायकन! एनबीएने ती रेषा १९७९ मध्ये स्वीकारली. २०१५ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट संघ १-२ असा मागे पडला, तेव्हा त्याने सात फुटी सेंटर बोगटला सुरुवातीच्या पाचांतून वगळले आणि सुमारे दोन मीटर उंचीच्या ड्रेमंड ग्रीनला त्या जागी खेळवले. उरलेले तिन्ही सामने त्याने जिंकले. दूरवरच्या रेषेपर्यंत धावत जाऊन नेमबाजाला अडवू शकेल, असा सेंटर आता हवा होता.

व्हॉलीबॉलने तर एका शरीरासाठी जागाच निर्माण केली. तिथे खेळाडू आळीपाळीने सहाही स्थानांवर फिरतात. त्यामुळे जाळ्यावर दुर्भेद्य ठरणाऱ्या उंच ब्लॉकरला मागच्या रांगेत जमिनीलगतचे चेंडूही उचलावे लागत. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने लिबेरो आणला. तो मागच्या रांगेतील खेळाडूच्या जागी येतो. ब्लॉक करणे किंवा जाळ्याहून उंच चेंडूवर प्रहार करणे त्याला वर्ज्य. पुरुषांच्या २.४३ मीटर उंच जाळ्याशी ज्याचा संबंधच उरला नाही, त्याला उंची कशाला? परिणाम दुहेरी झाला. ब्राझीलचा १८४ सेंटिमीटरचा सर्जिन्यो दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी झाला. आणि मागचा भार हलका झाल्याने मिडल ब्लॉकर निव्वळ उंचीवर निवडणे सोपे झाले. कोष्टकातील ठेंगणा आणि ताडमाड हे दोन्ही स्तंभ एकाच नियमाने बळकट केले.

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच; तेथे गोलरक्षकाच्या लांब हातांचे मोल वादातीत आहे. पण बचावफळीच्या मध्यभागी? सुमारे १७६ सेंटिमीटरच्या फाबियो कान्नावारोने त्याच जागेवरून इटलीला २००६ चा विश्वचषक जिंकून दिला. चेंडू कोठे पडेल हे तो आधी ओळखे आणि उंच प्रतिस्पर्ध्याच्या आधी उडी घेई. ही ओळख मोजपट्टीवर दिसत नाही. बाराव्या वर्षी ज्याला "तू बचावाला बुटका" म्हणून परत पाठवले जाते, त्याची ती कधी तपासलीच जात नाही.