केस नागमोडी की कुरळे?

घरातील वृद्धांचे केस कापण्याचे काम बहुधा लेकीकडे किंवा सुनेकडे येते. कात्री हाती घेण्यापूर्वी आपण केसांचे वळण ओळखावे. न्हाणे झाल्यावर तेल न लावता, न विंचरता केस आपोआप वाळू द्यावेत. मग एक केस कागदावर ठेवून पाहावा. पिकलेल्या केसासाठी कागद अर्थातच गडद हवा. केस डावी-उजवीकडे वळत पुढे गेला, तर तो नागमोडी. स्वतःभोवती फिरून कडे करू लागला, तर कुरळा.

ओल्या केसांवर मात्र विश्वासू नये. पाण्याने वळण सैल पडते आणि केस लांब भासतो. समजा, आजींची ओली बट सहा इंच भरली आणि वाळल्यावर चारच इंच राहिली. ती ओली असताना मानेच्या बेताने कापली, तर वाळल्यावर कानाशी जाऊन बसेल. म्हणून कुरळे केस वाळल्यावरच, बट न ताणता, थोडे थोडे कापावेत. नागमोडी केस ओले कापले तरी चालतात. अर्धा इंच अधिक राखावा म्हणजे झाले.

वाळवताना पंचाने खसाखसा पुसू नये. ओला केस लवकर तुटतो, आणि कुरळ्या केसाच्या टोकापर्यंत टाळूचे तेल नीट पोहोचत नसल्याने तो आधीच कोरडा असतो. जुन्या सुती कापडाने नुसते टिपावे. ड्रायर वापरायचाच, तर मंद उष्णतेवर आणि वीतभर दूर धरावा. मधुमेहामुळे संवेदना मंदावलेल्या वृद्धांना चटका वेळेवर जाणवत नाही, म्हणून दुसरा हात त्यांच्या टाळूवर असू द्यावा.